पूर्ण स्पर्धेत दीर्घकाळात पेढीचा आर्थिक नफा शून्य का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरे एकाच काल्पनिक उद्योगावर चालतात, म्हणून त्याचे आकडे आधी एकदा बघून घ्या. रकमा कुठल्याही चलनात धरा आणि हिशोब एका वर्षाचा समजा. उद्योगातल्या सगळ्या पेढ्या (पाठ्यपुस्तकात यांनाच उत्पादनसंस्था म्हणतात) हुबेहूब सारखी वस्तू बनवतात. प्रत्येक पेढीचा स्थिर खर्च 100 आहे आणि बदलता खर्च नगांच्या संख्येच्या वर्गाइतका, म्हणजे 10 नगांना 100, 12 नगांना 144.

```
पेढीचा एकूण खर्च:  TC = 100 + q²
बाजाराची मागणी:   Q = 2000 − 50P
```

इथे `q` म्हणजे एका पेढीचे नग, `Q` म्हणजे सगळ्या बाजाराचे नग आणि `P` म्हणजे किंमत. सुरुवातीला उद्योगात 100 पेढ्या आहेत, किंमत 20 आहे आणि प्रत्येक पेढी 10 नग विकते.

नफा शून्य म्हणजे मालकाच्या हाती काहीच उरत नाही का?

उरते, आणि चांगले उरते. सगळा गोंधळ ‘नफा’ या एका शब्दामुळे होतो. हिशेबनीस आणि अर्थशास्त्रज्ञ हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात.

आपल्या पेढीचा 100 चा स्थिर खर्च फोडून बघू. त्यातले 40 जागेचे भाडे आहे, ते दुसऱ्याला रोख द्यावे लागते. 35 हा मालकाच्या स्वतःच्या कामाचा मोबदला आहे. तो दुसरीकडे नोकरी करता तर वर्षाला 35 कमावता. उरलेले 25 म्हणजे त्याने धंद्यात घातलेल्या स्वतःच्या 250 भांडवलावरचे 10 टक्के व्याज, कारण तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या गुंतवणुकीत त्याला तेवढे मिळालेच असते.

आता 10 नग 20 ने विकले, आवक 200. हिशेबनीस त्यातून भाडे 40 आणि बदलता खर्च 100 वजा करतो आणि नफा 60 दाखवतो. मालकाच्या खात्यात हे 60 खरोखर जमा होतात. अर्थशास्त्रज्ञ त्यातून मालकाचे 35 आणि भांडवलाचे 25 आणखी वजा करतो. शिल्लक शून्य.

म्हणजे शून्य नफ्याचा अर्थ एवढाच की इथे मिळते तेवढेच मालकाला बाहेरही मिळाले असते. या 60 ला सामान्य नफा म्हणतात. तो मिळतो तोवर मालकाला धंदा सोडायचे कारण नसते आणि बाहेरच्याला त्यात शिरायचे कारण नसते.

मालकाने स्वतःला पगार दिलाच नाही, मग तो खर्च कसा?

खर्च म्हणजे खिशातून गेलेला पैसा एवढेच धरले, तर हा प्रश्न बरोबर आहे. पण इथे आपल्याला हिशोबाची वही भरायची नाही. माणूस धंद्यात राहील की जाईल, हे ओळखायचे आहे. तो निर्णय घेताना माणूस ‘इथे काय मिळते’ याची तुलना ‘तिकडे काय मिळाले असते’ याच्याशी करतो. हातचे सोडलेले उत्पन्न म्हणजे संधी खर्च. तो वगळला, तर पुढचे काहीच समजत नाही: वहीत नफा दिसत असताना लोक धंदा का सोडतात, याचा उलगडा होत नाही. त्याचे उदाहरण मागणी घटण्याच्या प्रश्नात येईल.

नफा शून्य आहे, तर पेढी जास्त माल विकून तो वाढवत का नाही?

कारण वाढवायला गेले की तोटा होतो. पूर्ण स्पर्धेत एकटी पेढी बाजाराच्या मानाने इतकी लहान असते की किंमत तिच्यासाठी ठरलेली असते. ती 20 ने हवे तितके नग विकू शकते, पण 20 च्या वर एकही नाही. तिच्या हातात फक्त नगांची संख्या उरते.

दहावा नग बनवायला किती जादा खर्च येतो ते बघा. 9 नगांचा बदलता खर्च 81, 10 नगांचा 100, म्हणजे दहाव्या नगाला 19 पडले आणि विकून 20 मिळाले. तो बनवणे फायद्याचे. अकरावा नग 21 ला पडतो (121 वजा 100) आणि विकला जातो 20 लाच. तो बनवला की 1 गेला. म्हणून पेढी 10 वर थांबते. जादा नगाच्या या खर्चाला सीमांत खर्च म्हणतात.

12 नग बनवले तर खर्च 244, आवक 240, तोटा 4. 8 नग बनवले तर खर्च 164, आवक 160, पुन्हा तोटा 4. म्हणजे 20 या किमतीला पेढीला मिळू शकणारा जास्तीत जास्त नफाच शून्य आहे. ‘पेढी नफा कमाल करते’ आणि ‘पेढीचा नफा शून्य असतो’ ही दोन वाक्ये एकमेकांना छेदत नाहीत. परीक्षेत मुले नेमकी इथे अडखळतात.

मग मागणी वाढली की काय होते? एक उदाहरण पूर्ण करून दाखवा.

समजा वस्तूची मागणी अचानक वाढली आणि नवी मागणी `Q = 2600 − 50P` झाली. म्हणजे प्रत्येक किमतीला आधीपेक्षा 600 नग जास्त खपतात.

अल्पकाळात नव्या पेढ्या येऊ शकत नाहीत. जागा शोधायची, यंत्रे बसवायची, माणसे शिकवायची, याला वेळ लागतो. त्यामुळे आहेत त्याच 100 पेढ्यांना ही मागणी भागवायची आहे. प्रत्येक पेढी किमतीच्या निम्मे नग बनवते (20 ला 10, 26 ला 13), म्हणून 100 पेढ्यांचा पुरवठा `50P`. तो मागणीशी जुळवला की किंमत 26 येते. प्रत्येक पेढी 13 नग विकते. तेरावा नग 25 ला पडतो, चौदावा 27 ला पडला असता, म्हणून 13 वर थांबणेच बरोबर.

आता पेढीचा हिशोब: आवक 338, खर्च 100 अधिक 169 म्हणजे 269. आर्थिक नफा 69. हिशेबनिसाच्या वहीत तो 129 दिसतो, कारण मालकाचे 60 त्याने वजा केलेले नाहीत.

हे 69 म्हणजे बाहेरच्या माणसाला दिसलेला दिवा. जो माणूस दुसरीकडे 35 चा पगार आणि 10 टक्के व्याज मिळवतोय, त्याला इथे ते सगळे मिळून वर 69 दिसतात. वाट मोकळी असल्यामुळे तो येतो. आठ पेढ्या आल्या आणि संख्या 108 झाली की बाजारात माल वाढतो, किंमत 25 वर येते, प्रत्येक पेढी साडेबारा नग विकते आणि नफा 56 च्या आसपास उतरतो. अजूनही तो शून्याच्या वर आहे, म्हणून येणारे थांबत नाहीत. 140 पेढ्या झाल्या की किंमत सुमारे 21.67 आणि नफा सुमारे 17. 160 झाल्या की किंमत पुन्हा 20, प्रत्येकी 10 नग, नफा शून्य. आता कोणालाच आत यावेसे वाटत नाही.

शेवट बघा. किंमत जुनीच, पेढीचे आकारमानही जुनेच. वाढलेली मागणी पूर्णपणे पेढ्यांच्या संख्येने झेलली: 100 च्या 160 झाल्या आणि बाजारातला माल 1000 वरून 1600 नगांवर गेला. दुसरी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नफा कमी करायला कोणी किंमत पाडली नाही. प्रत्येक नवी पेढी फक्त स्वतःच्या फायद्यासाठी माल विकायला आली, आणि तिच्या 10 नगांनी किंमत दिसेल न दिसेल इतकीच हलली. साठ जणांचे मिळून मात्र पूर्ण 6 उतरले.

शून्यावर येऊन बरोबर थांबतेच असे कशावरून? जास्त पेढ्या घुसल्या तर?

घुसतात, आणि प्रत्यक्षात हे वरचेवर होते. 26 ही किंमत बघून सगळे एकदम यंत्रे मागवतात. त्यांचा माल बाजारात येईपर्यंत इतर किती जण येताहेत हे कोणालाच कळत नाही. समजा अशा रीतीने 180 पेढ्या झाल्या. किंमत सुमारे 18.57 वर घसरते आणि प्रत्येक पेढीला 14 च्या आसपास आर्थिक तोटा होतो. मग उलटा प्रवाह सुरू होतो. ज्यांचे भाडेकरार संपतात ते नवा करार करत नाहीत, यंत्र जुने झाले की दुसरे घेत नाहीत, आणि संख्या 160 कडे परत येते.

शून्याकडे खेचणारी ओढ दोन्ही बाजूंनी असते, म्हणून तो समतोल. पण त्या बिंदूवर उद्योग एखाद्या दिवशी नेमका सापडेलच असे सिद्धांत म्हणत नाही. मागणी आणि तंत्र सतत बदलत असेल, तर पेढ्या बहुतेक वेळ शून्याच्या आसपास, कधी वर कधी खाली असतात. अंदाज चुकवणारी ही अनिश्चितता हाच नफ्याचा खरा उगम आहे, अशी मांडणी फ्रँक नाईट यांनी 1921 मध्ये केली. मोजता येणारी जोखीम विम्याने खर्चात बसवता येते, पण जी अनिश्चितता मोजताच येत नाही, तिच्यातून नफा किंवा तोटा उरतो.

मागणी घटली तर? वहीत नफा असताना लोक धंदा का सोडतात?

मागणी घटून `Q = 1400 − 50P` झाली असे धरा. पेढ्या 100 च आहेत. किंमत 14 वर येते, प्रत्येक पेढी 7 नग विकते. आवक 98, खर्च 100 अधिक 49 म्हणजे 149. आर्थिक तोटा 51.

आता हिशेबनिसाची वही उघडा. आवक 98, त्यातून भाडे 40 आणि बदलता खर्च 49 गेले. नफा 9! कागदावर धंदा फायद्यात आहे. पण मालकाने वर्षभर राबून आणि 250 अडकवून 9 मिळवले, बाहेर त्याला 60 मिळाले असते. तो जाण्याचा विचार करतो, आणि ते बरोबरच आहे.

आजच कुलूप लावावे का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर काय काय अडकले आहे यावर ठरते. स्थिर खर्चाचे सगळे 100 या वर्षापुरते बांधलेले असतील, तर बंद करून तोटा 100, चालवून 51. चालवणे शहाणपणाचे. मालक उद्याच नोकरी धरू शकत असेल, तर बंद केल्यावर त्याचे 35 सुटतात आणि तोटा 65 राहतो. तरीही चालवणेच बरे. पण यंत्रेही लगेच पूर्ण किमतीला विकून भांडवल मोकळे होत असेल, तर बंद केल्यावर फक्त भाड्याचे 40 बुडतात, आणि 51 पेक्षा 40 बरे. मग आजच बंद.

‘किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या वर असेल तर चालू ठेवा’ हा पाठ्यपुस्तकातला नियम सगळा स्थिर खर्च बुडीत आहे असे गृहीत धरतो. म्हणून नियम लावण्याआधी कुठला खर्च खरोखर बुडीत आहे ते तपासावे. दीर्घकाळात काहीच बांधलेले राहत नाही. तेव्हा कसोटी एकच: किंमत एकूण सरासरी खर्चाइतकी आहे की नाही.

पुढचे सोपे आहे. 60 पेढ्या उरेपर्यंत किंमत 17.50 वर चढते, तोटा सुमारे 23 राहतो. 40 उरल्या की किंमत 20 आणि तोटा शून्य. सगळ्या पेढ्या सारख्याच, मग 60 जणांनीच का जायचे? सिद्धांत नावे सांगत नाही, फक्त संख्या सांगतो. व्यवहारात ज्याचा करार आधी संपतो किंवा ज्याला बाहेरची संधी आधी मिळते तो आधी जातो.

किंमत सरासरी खर्चाच्या तळाशीच का येऊन बसते?

कारण दोन वेगळ्या अटी दोन वेगळी माणसे लादतात. आतली पेढी नग अशा तऱ्हेने ठरवते की किंमत सीमांत खर्चाइतकी व्हावी. बाहेरून येणारी आणि आतून जाणारी मंडळी किंमत सरासरी खर्चावर आणून ठेवतात. दोन्ही एकाच वेळी खऱ्या व्हायच्या, तर सीमांत आणि सरासरी खर्च समान असले पाहिजेत, आणि ते फक्त सरासरी खर्चाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर समान असतात.

त्यामागचे कारण क्रिकेटच्या धावांसारखे आहे. नव्या डावातल्या धावा सरासरीपेक्षा कमी असतील तर सरासरी उतरते, जास्त असतील तर चढते. तळाशी ती उतरतही नसते, चढतही नसते. आपल्या पेढीत 5 नगांना सरासरी 25, 8 ला 20.50, 10 ला 20, 12 ला 20.33 आणि 20 नगांना पुन्हा 25. तळ 10 वर, आणि तिथली सरासरी 20.

काही पेढ्या इतरांपेक्षा सरस असतात. त्यांचा नफाही शून्यच?

या विषयातला हा सर्वांत चांगला प्रश्न, आणि बहुतेक नोट्समध्ये तो गाळलेला असतो.

समजा एका पेढीला असा व्यवस्थापक मिळाला आहे की तिचा स्थिर खर्च 100 ऐवजी 64 च राहतो. बाजारभाव 20 असताना तीही 10 नग बनवते, खर्च 164, आवक 200. हाती 36 जास्त. हा आर्थिक नफा आहे असे वाटते. पण उरलेल्या प्रत्येक पेढीला तो व्यवस्थापक हवा आहे. आपल्याकडे आल्यास 36 वाचतील हे कळले की दुसरी पेढी त्याला 10 जास्त देऊ करते, तिसरी 20, चौथी 35. अखेर त्याचा पगार 36 ने वाढूनच थांबतो आणि पेढीचा स्थिर खर्च पुन्हा 100 होतो. नफा शून्य. जादा पैसा नाहीसा झाला नाही, तो पेढीकडून त्या दुर्मिळ माणसाकडे गेला.

जमिनीच्या बाबतीत हेच डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये दाखवले. सुपीक जमिनीचा फायदा कसणाऱ्याला मिळत नाही, खंड वाढून तो जमीनमालकाला मिळतो. पेढीचा मालक आणि जमिनीचा मालक एकच असेल तर? तरीही. त्याला ती जमीन दुसऱ्याला वाढीव खंडाने देता आली असती, म्हणून तो खंड त्याचा संधी खर्च आहे. तो श्रीमंत असेल, पण जमीनदार म्हणून, उत्पादक म्हणून नव्हे. वहीत हा भेद कधीच दिसत नाही.

फायदा शेवटी टिकत नसेल, तर नवे तंत्र कोणी कशाला आणेल?

मधल्या काळासाठी. तंत्र व्यवस्थापकासारखे एकाच माणसाशी बांधलेले नसेल आणि कोणालाही उचलता येत असेल, तर गोष्ट वेगळी घडते. पहिली पेढी स्थिर खर्च 64 वर आणते आणि किंमत 20 असेपर्यंत वर्षाला 36 कमावते. नक्कल करणारे येतात आणि किंमत नव्या तळाकडे घसरते. स्थिर खर्च 64 असेल तर हा तळ 8 नगांवर येतो, सरासरी 16. मूळ मागणीवर शेवटी किंमत 16, बाजारात 1200 नग आणि 150 पेढ्या.

जिने जुनेच तंत्र ठेवले तिचे काय? 16 ला तीही 8 नग बनवते, आवक 128, खर्च 164. तोटा 36. म्हणजे तंत्र आणणाऱ्याला मिळत होते तेवढेच आता न आणणाऱ्याला गमवावे लागते. आधी आमिष, मग चाबूक.

मागणी वाढल्यावर किंमत नेहमी जुन्या पातळीवर परत येते का?

नाही. वर ती 20 वर परत आली, कारण पेढ्या वाढूनही कोणाचा खर्च वाढला नाही. अनेकदा नव्या पेढ्या आल्या की सगळ्यांना लागणारी जागा, कारागीर किंवा कच्चा माल महागतो. समजा त्यामुळे प्रत्येकीचा स्थिर खर्च 121 झाला. मग तळ 11 नगांवर जातो, सरासरी 22. वाढलेल्या मागणीवर किंमत 22 च्या आसपास स्थिरावते, 20 वर नाही. नफा तरीही शून्याला टेकतो, फक्त दोन्ही बाजूंनी चेपला जाऊन: किंमत खाली येते आणि खर्च वर जातो.

इथे हिशोब करणाऱ्यांना एक खोच भेटते. 22 ला 1500 नग खपतात आणि प्रत्येकी 11 धरले तर पेढ्या 136.4 येतात. अपूर्णांकातली पेढी नसते. 136 असतील तर किंमत 22.03 आणि प्रत्येकीला 0.37 नफा उरतो. 137 वी आली तर सगळ्यांनाच 0.65 तोटा होतो, म्हणून ती येत नाही. तेव्हा काटेकोर बोलायचे तर नफा शून्य नसतो, ‘आणखी एकीला पुरणार नाही इतका’ असतो. पेढ्या शेकड्यांनी असतील तर हा फरक नगण्य. बाजारात तीन-चारच पेढ्या मावत असतील तर तो मोठा असतो, पण मग ती पूर्ण स्पर्धाही राहत नाही.

प्रत्येक पेढीवर ठरावीक वार्षिक शुल्क बसवले तर ते कोण भरते?

शुल्क 44 धरा. ते नगांवर अवलंबून नाही, म्हणून सीमांत खर्च हलत नाही. पहिल्या वर्षी पेढी 10 च नग बनवते, किंमत 20 च राहते आणि 44 चा सगळा भार मालकावर पडतो. पुष्कळांचे उत्तर इथेच संपते, आणि ते अर्धेच असते.

तोटा होतोय म्हणून पेढ्या बाहेर पडतात. नवा स्थिर खर्च 144, म्हणून तळ 12 नगांवर, सरासरी 24. दीर्घकाळात किंमत 24, बाजारात 800 नग, आणि पेढ्या 100 वरून सुमारे 66. उरलेल्या पेढ्या आधीपेक्षा मोठ्या, नफा पुन्हा शून्य. शुल्क अखेर ग्राहकाने भरले.

आकृती काढताना कुठे चुकते?

तीन ठिकाणी. सीमांत खर्चाची रेषा सरासरी खर्चाला तळाशी न छेदता बाजूला कुठेतरी छेदते. किमतीची आडवी रेषा तळाला स्पर्श करण्याऐवजी वक्राला दोन ठिकाणी कापते, म्हणजे शून्य नफा लिहून नफ्याची आकृती काढलेली असते. आणि पेढी व बाजार यांच्या आडव्या अक्षांवर एकच प्रमाण घेतलेले असते: एकीकडे 10 नग आहेत, दुसरीकडे 1000. दोन्ही आकृत्या शेजारी काढा, उभा अक्ष समान ठेवा आणि किमतीची रेषा बाजाराकडून पेढीकडे सरळ ओढा. मागणी वाढल्याचे दाखवताना बाजारातला पुरवठा वक्र उजवीकडे सरकवायला विसरू नका. प्रवेश म्हणजे तोच.

मक्तेदारीयुक्त स्पर्धेतही दीर्घकाळात नफा शून्यच असतो. मग फरक काय?

तिथेही वाट मोकळी असते म्हणून नफा शून्य होतो. पण वस्तू वेगवेगळ्या असल्याने पेढीची मागणी रेषा उतरती असते आणि ती सरासरी खर्चाला तळाच्या डावीकडे स्पर्श करते. किंमत सरासरी खर्चाइतकी, पण सीमांत खर्चापेक्षा जास्त. शून्य नफा दोन्हीकडे सारखा, कमाल कार्यक्षमता एकीकडेच.

प्रवेश बंद केला तर नफा कायम टिकतो का?

पहिल्या धारकाला टिकतो, पुढच्याला नाही. समजा परवाने 100 च ठेवले आणि मागणी वाढून 2600 ची झाली. किंमत 26 वर अडकते आणि प्रत्येक पेढी दरवर्षी 69 कमावते. नवीन कोणी येऊ शकत नाही, पण परवाना विकत घेता येतो. वर्षाला 69 देणाऱ्या कागदाची किंमत 10 टक्के व्याजदराने 690 होते. ज्याने 690 देऊन तो घेतला, त्याला त्या रकमेवरचे 69 व्याज सोडावे लागले. त्याचा आर्थिक नफा शून्य, आणि सगळा फायदा विकून बाहेर पडलेल्या पहिल्या माणसाच्या खिशात.

एखाद्या धंद्यात खरोखर अडवलेला नफा आहे का, हे ओळखायची ही सोयीची खूण आहे. ताळेबंदातला नफा बघू नका, आत येण्याचा हक्क केवढ्याला विकला जातो ते बघा. मोकळ्या उद्योगात त्या हक्काला काहीच मोल नसते.

पुढे परवाने खुले केले तर किंमत 20 कडे येते आणि 690 चा कागद कवडीमोल होतो. अर्थशास्त्राच्या हिशोबात ती आता बुडीत रक्कम, चालू खर्च नव्हे, म्हणून पेढी चालवणे अजूनही परवडते. पण कर्ज काढून परवाना घेतलेल्याला 69 चे व्याज भरावेच लागते, आणि ते भरायला काही उरत नाही. म्हणून खुले करण्याला सर्वांत कडवा विरोध आज जास्त नफा न मिळवणारेच करतात. गॉर्डन टुलॉक यांनी 1975 मध्ये हा सापळा वर्णन केला: बंदीचा फायदा ज्यांनी घेतला ते केव्हाच निघून गेलेले असतात, आणि ती उठवण्याचा तोटा आता आत असलेल्यांवर येतो.